हळू आवाजाचं बटण

डेसिबल म्हणजे काय ते मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं, आणि फार छान शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्या माणसाबद्दल बरंच वाईट बोलणार आहे. उगाच कुणी म्हणायला नको की हिला त्याचं काही चांगलं दिसलंच नाही.

माझं माहेर कल्याणचं. पारनाक्याच्या अलीकडे एका माडीवर माझ्या गाण्याच्या बाई राहायच्या. त्या विधवा होत्या, आवाज बसलेला, पण कान असा की तंबोऱ्याची तार जिन्यात उतरली तरी वर बसून ओळखतील. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होते. लग्न ठरलं तेव्हा माझा एकच प्रश्न होता आणि तो मी आईला विचारायला लावला, मुलीला गाणं चालू ठेवता येईल ना? मुलाचं ठाण्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो हसून म्हणाला, "घरी रेडिओ आहे." आम्ही सगळ्यांनी ते 'हो' असं धरलं. आता वाटतं, तो हो म्हणालाच नव्हता.

बाईंनी मात्र त्या उत्तरातूनही वाट काढली. म्हणाल्या, "सासरी गळा काढून रियाज जमणार नाही, ते मला ठाऊक आहे. दर शनिवारी रात्री रेडिओवर मैफल असते. ती मन लावून ऐकायची. महिन्यातून एकदा माहेरी आलीस की माझ्याकडे यायचं आणि काय ऐकलंस ते गाऊन दाखवायचं. वर्षभर न चुकता केलंस तर तुला रेडिओच्या आवाजचाचणीला मी स्वतः घेऊन जाईन." मी त्यांच्या पाया पडले. त्या वेळी मला आवाजचाचणी म्हणजे केवढी मोठी गोष्ट वाटायची, ते आता कुणाला सांगून कळणार नाही. आमच्या माहेरच्या आळीत तोवर कुणीही, पुरुषानंसुद्धा, रेडिओवर तोंड उघडलेलं नव्हतं.

सासर डोंबिवलीला, चाळीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासरे, आतल्या खोलीत आम्ही दोघं आणि स्वयंपाक. मध्ये फळ्यांची भिंत. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी, पेपर वाचतानासुद्धा पानाचा आवाज होऊ न देणारे. मी त्यांना मामंजी म्हणायचे, पण म्हणायची वेळच फार येत नसे. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यांना चहा हवा की काढा, बाजारात काय आणायचं, सगळं नवऱ्याच्या तोंडून जायचं आणि नवऱ्याच्या तोंडून यायचं. "दादा विचारतायत", "दादा म्हणाले", असा आमचा संसार चालायचा. त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. सगळ्याच घरांत असं असायचं.

रेडिओ आतल्या खोलीत, फळ्यांच्या भिंतीला लागून, बुटक्या मांडणीवर. मोठा, लाकडी पेटीचा, पुढे सोनेरी कापड. खाली डाव्या हाताला आवाजाचं बटण. ते फिरवलं की आधी टक् असा आवाज व्हायचा, मग आतल्या काचेच्या दिव्यांना ऊब येईपर्यंत थांबायचं, आणि मग बटण अगदी सावकाश पुढे न्यायचं. सुरुवातीला नुसता श्वास, मग कुजबूज, मग माणूस शेजारी बसून बोलतोय इतका आवाज. अंगठ्याच्या जरा जरा हालचालीला आवाज जरा जरा वाढायचा. शनिवारी रात्री मी मांडणीजवळ पाट ओढून कापडाला कान लावून बसायचे. नवरा मागे अंथरुणात. मामंजी पलीकडे. कुणाला काही कळायचं नाही, आणि मला विलंबित ख्यालातला एक एक स्वर ऐकू यायचा. लग्नानंतरचे पहिले काही महिने मी असे काढले. दर महिन्याला बाईंना गाऊन दाखवलं. त्या एकदा म्हणाल्या, "तू शिकतेस ते तिकडेच, इथे नुसती परीक्षा द्यायला येतेस." मला फार आनंद झाला, आणि घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलंही. तो म्हणाला, "वा."

मग एके दिवशी तो दुकानातून येताना एक छोटी डबी घेऊन आला. "आवाजाचा कंट्रोल खरखरतोय. बदलून टाकतो." मला काही खरखर ऐकू आली नव्हती. पण रेडिओ त्याच्या धंद्याची वस्तू, त्याला कळत असेल. त्यानं पेटी उलटी केली, मागचा पुठ्ठा काढला, कथलाचा डाग देऊन नवा कंट्रोल बसवला. मी वर त्याला आल्याचा चहा करून दिला.

त्यानंतरच्या शनिवारी मी पाट घेऊन बसले. टक् झालं, दिवे तापले. बटण जरा पुढे नेलं, काही नाही. अजून जरा, काही नाही. अजून केसभर पुढे, आणि रेडिओ असा ओरडला की शेजारच्यांचं तान्हं पोर किंचाळून उठलं. मी झटकन मागे फिरवलं तर पूर्ण बंद. पुन्हा पुढे, पुन्हा आरडाओरड. पलीकडून मामंजींचं खोकणं ऐकू आलं. मैफल सोडून मी दिवा मालवला आणि पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो रविवार, त्याला सुट्टी. माझ्याजवळ बसून त्यानं मला सगळं समजावलं. इतकं लाडानं तो एरवी बोलत नसे.

"हे बघ, गणपतीत आरती म्हणतो ना आपण? समज, एकटाच माणूस आरती म्हणतोय. त्याच्या जोडीला तितक्याच आवाजाचा दुसरा आला. आवाज दुप्पट झाला असं वाटतं का तुला?"

मी विचार केला. "नाही. थोडासाच वाढल्यासारखा वाटतो."

"बरोबर. गळे दुप्पट झाले, पण कानाला थोडाच फरक. त्याला म्हणायचं तीन डेसिबल. आता दहा माणसं म्हणायला लागली, तर तुझा कान म्हणेल, हां, आता दुप्पट झाला. ते दहा डेसिबल. आता अजून तेवढीच वाढ हवी तर किती माणसं लागतील?"

"वीस."

"चुकलीस. शंभर." त्याला मजा आली. "दहाची दहापट. कान बेरीज करत नाही, पट मोजतो. एकाचे दहा झाले काय, आणि दहाचे शंभर झाले काय, कानाला पायरी सारखीच वाटते. डेसिबल म्हणजे या पटींच्या पायऱ्या. दर दहा डेसिबलला शक्ती दहापट. एक डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढा फरक."

मला हे इतकं पटलं की मी त्याच्याकडे बघतच राहिले. ख्यालातही हेच तर असतं. हळू आवाजात कणभर वाढवलं तरी काळीज हलतं, आणि मोठ्यानं गाणारा दमेपर्यंत जोर लावतो तरी काही फरक पडत नाही. मग मी विचारलं, "पण मग बटण असं का वागतं? सुरुवातीलाच सगळं ओततं आणि नंतर पुढे फिरवत बसलं तरी काही होत नाही?"

"कारण बटणाला कान नसतो. बटण सरळ मोजतं. दहावा भाग फिरवलं की आवाजाच्या विजेचा दाब दहावा भाग. अर्धं फिरवलं की अर्धा. पण कानाच्या हिशेबात दहाव्या भागापर्यंतच बहुतेक सगळा प्रवास झालेला असतो. तुला रात्री लागतो तो हळू आवाज त्या पहिल्या चिमटीत कोंबलेला असतो. अर्ध्यापासून पूर्णापर्यंत नेलंस तरी जेमतेम सहा डेसिबल वाढतात."

"मग पूर्वी का नव्हतं असं होत?"

तो जरा थांबला. हे थांबणं मला नंतर फार वेळा आठवलं. मग म्हणाला, "पूर्वीचा झिजला होता. झिजला म्हणून हळूहळू चढायचा. नव्यांचं असंच असतं, सगळ्या रेडिओंचं."

मी मान डोलावली. तो जे सांगत होता त्यातला शब्द न् शब्द खरा होता, शेवटची तीन वाक्यं सोडून.

मग मी माझ्या परीनं खटपट सुरू केली. बटण चिमटीत धरून फिरवण्याऐवजी त्याच्या खाचेत केसांतला आकडा अडकवून ढकलून पाहिलं. मग मला सुचलं की चाक जेवढं मोठं तेवढी कड जास्त फिरते, म्हणजे हाताला बारीक हलवता येईल. बिस्किटाच्या डब्याचं झाकण मी बटणाला सुतळीनं बांधलं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "थांब, असं नाही." दुसऱ्या दिवशी तो पातळ फळीची गोल चकती कापून घेऊन आला, मधे भोक पाडलेली, बटणावर घट्ट बसणारी. बशीएवढी. तिच्या कडेवर त्यानं स्वतः पेन्सिलनं खुणासुद्धा केल्या. चकतीनं थोडं साधलं, पण पुरतं नाही. त्या कंट्रोलच्या पट्टीत अगदी सुरुवातीलाच एक उडी होती, शून्यावरून थेट ऐकू येण्याइतकी, आणि मला हवा असलेला आवाज त्या उडीच्या खालीच राहायचा. मग मी कापडावर उशी धरली. उशीनं आवाज दबला, पण सगळे बारीक स्वर आधी गेले आणि तबल्याचा बायाच तेवढा उरला. घोंगडं पांघरून कुणी गातंय असं वाटायचं.

या सगळ्यात तो माझ्या बाजूला बसून मदत करत होता. चकतीच्या खुणा त्यानं किती मन लावून केल्या होत्या! हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

असे काही शनिवार गेले. एकदा पुन्हा रेडिओ ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "दादा म्हणाले, आता हे रात्रीचं पुरे." मामंजींना कधी नव्हे ते बोलायला लागलं, याचीच मला इतकी शरम वाटली की मी चकती काढली आणि भाकरीच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवली. ऐकायलाच मिळेना तर बाईंना काय गाऊन दाखवणार? पुढच्या महिन्यात कल्याणला गेले तेव्हा त्यांच्या माडीखालून तशीच निघून आले. त्यानंतर तर तो रस्ताच टाळला. मनात म्हणायची, आपल्याच हातात कसब नाही, एक बटण धड फिरवता येत नाही आणि निघाली रेडिओवर गायला.

आता दुकानाचं.

पुढच्या वर्षी थंडीत ठाण्याला माझ्या मामेबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. ते आटोपून मी दुकानात गेले, तिथून संध्याकाळी दोघांनी बरोबर घरी जायचं ठरलं होतं. एरवी मी दुकानात जात नसे. मागे एक पडदा लावलेली अडगळ होती, तिथे मला स्टुलावर बसवून त्यानं चहा मागवला. पुढे गिऱ्हाईक आलं. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं, ठाण्याजवळच्या बाळकुमचे एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला फडकं, पायांना मिठागरातल्या कामाच्या जुन्या भेगा. पण आता जमीनजुमला बरा असावा, कारण बरोबरच्या माणसाच्या खांद्यावर चांगला मोठा रेडिओ होता.

"मिस्त्री, आमचे घरान बारका पोर हाय," म्हातारे म्हणाले. "रातचा भजन आयकाचा म्हनून बटन जरासा फिरवला का ह्यो वरडतंय. पोर उठतंय, सून माझेवर चिडते."

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. माझंच दुखणं कुणीतरी पुढे बसून सांगत होतं. आणि मी थांबले, की आता नवरा आरतीची गोष्ट सांगेल, आणि म्हणेल, सगळ्या रेडिओंचं असंच असतं बाबा.

त्यानं पुठ्ठा काढला, आत डोकावला आणि क्षणात हसला. "हा कंट्रोल कुणी बसवला?"

"कल्यानात एकानं. मंगच्या सालाला."

"चुकीचा बसवलाय त्यानं. हा सरळ चालीचा आहे. शिक्क्यावरच्या अक्षरावरूनच कळतं. रेडिओच्या आवाजाला कानाच्या चालीचा लागतो, त्याला लॉग म्हणतात. तो सुरुवातीला मुद्दाम हळू चढतो. अर्धं बटण फिरवलं तरी दाब दहाव्या भागाच्या आसपासच येतो, म्हणून कानाला सगळीकडे पायऱ्या सारख्या वाटतात. कारखान्यातून प्रत्येक रेडिओ लॉग घालूनच निघतो. धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असतं हे."

"मंग नवा घालाया लागल?"

"तसा आत्ता माझ्याकडे नाही. पण त्यावाचूनही होतं." त्यानं वीज अडवणारा एक लहानसा रेझिस्टन्स उचलला, कंट्रोलच्या किमतीच्या साधारण दहाव्या भागाचा, आणि कंट्रोलच्या मधल्या पायापासून खालच्या, अर्थिंगच्या पायापर्यंत डाग देऊन टाकला. "हा मधल्या पायावरची वीज खाली ओढून धरतो. त्यानं सरळ चाल वाकते, जवळजवळ लॉगसारखी. पूर्ण मोठा केल्यावर थोडा दबेल, पण तुम्हाला रात्री हळूच हवाय ना?" त्यानं रेडिओ लावून दाखवला. बटण फिरत गेलं आणि आवाज कसा माणसासारखा, पाऊल पाऊल वर आला. म्हातारे खुश झाले. मला तो आवाज ओळखीचा वाटला. माझा रेडिओ पूर्वी असाच बोलायचा.

चहा पिता पिता होण्याएवढं ते काम होतं. एवढ्याशा कामासाठी मी केसांचे आकडे वाकवले होते, उशा धरल्या होत्या, माझ्या हातांना दोष दिला होता.

तो पडदा सारून आत आला आणि माझा चेहरा पाहून जागीच थांबला. मी आत बसलेय हे धंद्याच्या तंद्रीत तो विसरूनच गेला होता. पुढे गिऱ्हाइकं होती, आणि मी बोलायला लागले असते तर मला थांबता आलं नसतं. म्हणून सगळं मनात ठेवून मी त्याच्याबरोबर गाडीत बसले.

त्या रात्री मनाशी एकच धरून बसले. मामंजींनी सांगितलं असेल. म्हाताऱ्या बापाला नाही म्हणता आलं नसेल, बायकोलाही तोंडावर सांगवलं नसेल, म्हणून रेडिओकडून सांगितलं. घाबरट आहे, पण समजण्यासारखं आहे. मी त्याला माफ करायच्या तयारीतच होते म्हणा ना. फक्त एकदा खात्री करायची होती, आणि त्यासाठी मोडू नये ती रीत मी मोडली. सकाळी नवरा दुकानात गेल्यावर मामंजींसमोर चहा ठेवला आणि उभी राहिले.

"मामंजी, रात्रीच्या गाण्याचा तुम्हाला त्रास व्हायचा, ते मला आधीच कळायला हवं होतं."

त्यांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे थेट बघण्याची त्यांचीही पहिलीच वेळ असावी.

"त्रास?" ते म्हणाले. "अगं, मी तर उशाची बाजू बदलून फळीकडे डोकं करून झोपायचो. शनिवारचं तेवढंच तर कानावर पडायचं. तू बंद का केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, रात्रीचं पुरे म्हणून?"

"मी? मी कधी?" मग त्यांनी पेपर घडी घालायला घेतला, आणि तो घडी होईना. "तो म्हणाला, तुला आता त्यात गोडी राहिली नाही. मला वाटलं, असेल. सुनेला असं विचारायचं कसं, म्हणून विचारलं नाही."

दोघांच्या मध्ये उभं राहून एकाला एक सांगायचं, दुसऱ्याला दुसरं. रीतच अशी की आम्ही दोघं कधी समोरासमोर येऊन ताडून पाहणार नाही, हे त्याला पक्कं माहीत. मी आत गेले आणि खूप रडले. राग नंतर आला. आधी नुसती लाज वाटली, की इतके महिने मी या माणसाला चहा करून देत होते.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी सरळ विचारलं, "का?"

त्यानं आधी नेहमीसारखं सुरू केलं, "दादांना..." मी म्हटलं, "दादांशी मी बोलले." तेव्हा तो म्हणाला, "तू त्या पेटीसमोर बसलीस की घरात मी नसायचोच. बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. उद्या तुझं नाव रेडिओवर आलं असतं, आणि मी काय, तो रेडिओ दुरुस्त करणारा."

"मग नको म्हणायचं होतंत मला. तोंडावर."

"तू ऐकलं नसतंस."

"भांडले असते. पण कळलं तरी असतं मला, की माझ्या हातात खोट नाही." त्यानं मला माझाच हात वैरी करून दिला होता, आणि वर चकतीला खुणा करून दिल्या होत्या. मी हे सगळं त्याला तेव्हाच बोलून टाकलं. बाहेर मामंजी ऐकत होते, ऐकू देत.

त्यानं माफी मागितली नाही. आमच्याकडे पुरुष मागत नसत. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यानं खिशातून एक कंट्रोल काढून माझ्यासमोर ठेवला. माझ्या रेडिओचा मूळचा. झिजलेला वगैरे काही नव्हता, दुकानातल्या खणात तो तसाच जपून ठेवलेला होता. त्यानं पेटी उघडून तो पुन्हा बसवला. मग न सांगता अजून एक काम केलं. कंट्रोलच्या आधी एक मोठा रेझिस्टन्स आणि मागच्या बाजूला एक छोटा खटका बसवला. "रात्री हा खाली करायचा," तो मान खाली घालूनच म्हणाला. "कंट्रोलपर्यंत येणारा आवाजच वीसेक डेसिबलनं कमी होऊन येईल. मग सगळं बटण फिरवायला मोकळं, कुजबुजीपासून बोलण्याएवढ्यापर्यंत. दिवसा वर करायचा." मी खटका खाली करून पाहिला. तो म्हणत होता ते अगदी खरं होतं. चार बोटं फिरवलं तरी आवाज कणाकणानं वाढत होता. त्याला त्याचं काम उत्तम येत होतं, यात मला कधीच शंका नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी कल्याणला बाईंकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. माडीच्या दाराला कुलूप. खालच्या वाण्यानं सांगितलं, बाई मुलाकडे इंदूरला गेल्या, कायमच्या. दिवाळीपर्यंत वाट पाहिली म्हणाला. "कुणाची तरी वाट बघत होत्या. कोण ते मला माहीत नाही, एक मुलगी यायची होती." मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकले आणि बराच वेळ उठले नाही. आवाजचाचणीला एकटीनं जायची माझी हिंमत नव्हती, तेव्हाच्या बायकांची नसायची, आणि पुढे मी कधीच गेले नाही. ते तिथेच संपलं.

त्या शनिवारी मात्र मी पाट ओढून बसले. खटका खाली केला, बटण फिरवलं. दिवे तापले, आणि अंधारात कुठल्याशा बाईंनी षड्ज लावला. फळीपलीकडे मामंजींची उशी सरकल्याचा आवाज आला. मी बटण जरा पुढे नेलं, एखादा डेसिबल, त्यांना कानावर पडेल इतकं.

मागून अंथरुणातून नवरा म्हणाला, "जरा मोठा कर ना. मलाही ऐकू दे."

खाट मामंजींच्या फळीपासून बरीच लांब, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मामंजींना ऐकू जातं आणि त्याला जात नाही ती जागा बटणावर नेमकी कुठे आहे, हे मला एव्हाना कळलं होतं. मी बटणाला हात लावला नाही. तो थोडा वेळ तसाच कान देऊन पडून राहिला, मग कूस बदलून झोपला.